विषय : राखीव निकाल

जून-जुलैत पदव्युत्तर वर्गांचे शेवटचे निकाल लागू लागले की राज्यातल्या विद्यापीठांच्या कुलसचिवांकडे एका ठरावीक धाटणीचे मेल येऊ लागतात. ते बहुधा रात्री उशिरा लिहिलेले असतात. विषयाच्या ओळीत तीन उद्गारचिन्हे असतात, मजकूर चार-पाच पडदे भरून असतो आणि प्रतिलिपीत कुलगुरूंपासून मंत्र्यांपर्यंत सगळे असतात. लिहिणाऱ्याचे दुःख खरे असते. बहुतेकदा त्याची तक्रारही खरीच असते. तरीही त्या मेलवर काही होत नाही, किंवा झालेच तर भलतेच काहीतरी होते. असे का होते आणि तोच मेल कामाचा कसा करता येतो, हे मी एका उदाहरणातून सांगणार आहे. हे उदाहरण मी मुद्दाम बांधले आहे, पण त्यातला प्रत्येक तुकडा विद्यापीठाच्या आवारात रोज पाहायला मिळतो.

समजा, एका मुलीने गोवा विद्यापीठातून बी.एस्सी. केले आणि 2023 मध्ये महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठाशी संलग्न असलेल्या महाविद्यालयात एम.एस्सी.ला प्रवेश घेतला. दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्या विद्यार्थ्याला प्रवेश मिळतो तो तात्पुरत्या पात्रतेवर. मूळ विद्यापीठाचा स्थलांतर दाखला, म्हणजे सगळे ज्याला 'मायग्रेशन' म्हणतात तो कागद, महाविद्यालयामार्फत विद्यापीठाच्या पात्रता विभागात जातो. तिथे तपासणी झाली की पात्रता निश्चित होते. मधल्या काळात वर्ग चालू असतात, परीक्षा होतात, सुरुवातीच्या सत्रांचे निकालही लागतात. अडचण दिसते ती अगदी शेवटी, चौथ्या सत्राच्या निकालात तिच्या नावापुढे गुणांऐवजी 'राखीव' असा शेरा येतो तेव्हा.

ती 25 जून 2025 ला महाविद्यालयात गेली. तिथले लिपिक म्हणाले, "आम्ही सगळे केव्हाच पाठवले आहे." 30 जूनला ती विद्यापीठात गेली, तर पात्रता विभागात सांगितले, "आमच्याकडे तुमचा मायग्रेशन दिसत नाही." 4 जुलैला ती पुन्हा गेली. ज्यांच्याकडे हे काम होते त्या बाई रजेवर होत्या. 28 जुलैला तिच्या नोकरीची कागदपत्र-पडताळणी होती. त्या रात्री तिने कुलसचिवांना मेल लिहिला. त्यातला मुख्य भाग असा :

"विषय : विद्यापीठाचा भोंगळ कारभार, अत्यंत तातडीचे!!!

गेली दोन वर्षे मी तुमच्या विद्यापीठाचा मनस्ताप सहन करते आहे. प्रवेशाच्या वेळी एका सहीसाठी मला तीन वेळा परत पाठवले, तेव्हाही मी गप्प बसले. ग्रंथालयाची अनामत अजून परत मिळालेली नाही. आता तुमच्या बेजबाबदार कर्मचाऱ्यांनी माझा मूळ मायग्रेशन दाखला गहाळ केला आहे आणि त्याची शिक्षा मला देत आहात. 30 जूनला मी पाच तास बसून होते. खिडकीवरच्या माणसाने मान वर करून माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. शुक्रवारी पुन्हा आले तर मॅडम रजेवर. एक मॅडम रजेवर गेल्या की विद्यापीठ बंद पडते का? कॉलेजवाले म्हणतात की त्यांनी जानेवारीतच सगळे पाठवले आणि त्यांच्याकडे तुमच्याच शिक्क्याची प्रत आहे. मग खोटे कोण बोलते आहे? माझ्या वडिलांनी कर्ज काढून मला शिकवले आहे. माझी नोकरी गेली तर त्याला जबाबदार कोण? संबंधित कर्मचाऱ्यांवर कारवाई करावी, मला लेखी माफी व नुकसानभरपाई द्यावी आणि माझा निकाल ताबडतोब लावावा. निकाल कधी लागणार याचे उत्तर 24 तासांत हवे, अन्यथा मी कोर्टात आणि वर्तमानपत्रांकडे जाईन."

खाली फक्त पहिले नाव. पीआरएन नाही, बैठक क्रमांक नाही, विषय आणि महाविद्यालयही नाही.

या मुलीचा राग मला अजिबात चुकीचा वाटत नाही. पाच तास बसवून ठेवलेल्या माणसाने रागावू नये, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. प्रश्न एवढाच आहे की हा मजकूर विद्यापीठाच्या इमारतीत शिरल्यावर त्याचे पुढे काय होते.

कुलसचिवांचा मेल बहुतेक ठिकाणी आधी त्यांचे स्वीय सहाय्यक पाहतात. दिवसभरातल्या मेलमधून कार्यवाहीचे मेल वेगळे काढले जातात, पुष्कळ ठिकाणी अजूनही त्यांची छापील प्रत निघते, तिच्यावर आवक क्रमांक पडतो आणि कुलसचिव कोपऱ्यात एक शेरा मारतात. तो शेरा काय असेल, यावर त्या कागदाचे पुढचे सगळे आयुष्य ठरते. 'पात्रता : तपासून तात्काळ कार्यवाही करावी' असा शेरा पडला तर कागद उपकुलसचिवांमार्फत पात्रता विभागात उतरतो. तिथले कक्ष अधिकारी तो संबंधित लिपिकाकडे देतात आणि लिपिक कपाटाकडे जातो.

पण वरचा मेल वाचून कुलसचिव काय लिहितील? त्यात कर्मचाऱ्यांवर दाखला गहाळ केल्याचा आरोप आहे, कारवाईची मागणी आहे, न्यायालयाचा उल्लेख आहे. कोणताही जबाबदार अधिकारी अशा कागदावर 'खुलासा सादर करावा' असेच लिहील. तसे लिहिणे त्याचे कर्तव्यच आहे. त्या एका शेऱ्यामुळे कागदाची जात बदलते. तो पात्रतेचा कागद न राहता तक्रारीचा होतो. जो लिपिक उठून जानेवारी 2024 चा गठ्ठा शोधणार होता, तो आता स्वतःच्या बचावाचा मसुदा लिहायला बसतो. तो खुलासा कक्ष अधिकाऱ्यांकडे जातो, ते त्यात दुरुस्त्या सांगतात, मग तो वर चढतो. आठ-दहा दिवसांनी मुलीला उत्तर मिळते : महाविद्यालयाकडून आवश्यक कागदपत्रे प्राप्त झाल्यावर नियमानुसार कार्यवाही करण्यात येईल. उत्तर दिले गेले म्हणून प्रकरण निकाली निघते, निकाल मात्र राखीवच राहतो.

प्रतिलिपींचेही असेच होते. कुलगुरूंचे कार्यालय, प्र-कुलगुरूंचे कार्यालय आणि मंत्रालय या तिन्ही ठिकाणी तोच मेल पोहोचतो आणि तिन्ही ठिकाणांहून तो 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' कुलसचिवांकडेच येतो. प्रत्येकाला वेगळा आवक क्रमांक. ते चार कागद एकत्र करून एकच उत्तर देण्यात पुन्हा वेळ जातो. शिवाय ज्याच्या नावाने मूळ मेल आहे त्याच्या मनात येते की वरूनच काही आदेश येतील, तोवर थांबावे.

म्हणून मेल शांत करायचा तो सभ्यतेखातर नव्हे. कागद खुलाशाच्या वाटेला न जाता कपाटाच्या वाटेला जावा, यासाठी तो शांत करायचा.

आता तो कसा करायचा, ते पाहू. रात्रीचा मेल पुसून टाकू नये. त्यात आठवणी ताज्या आहेत, तारखा आहेत, कोण काय म्हणाले ते आहे. फक्त 'प्रति'ची जागा रिकामी ठेवून तो मसुद्यात ठेवावा, म्हणजे चुकूनही जाणार नाही. सकाळी तो कागदावर छापून घ्यावा आणि हातात पेन घेऊन वाचावा. वाचताना प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारायचा : हे सिद्ध करणारा कागद माझ्याकडे आहे का, किंवा आणता येईल का?

हा प्रश्न लावला की आपल्या उदाहरणातला मेल भराभर गळू लागतो. खिडकीवरच्या माणसाने मान वर केली नाही, हे खरे असेल, पण त्याला कागद नाही. ग्रंथालयाची अनामत हा वेगळाच विषय आहे, त्याची पावती असेल तर त्यासाठी ग्रंथपालांना वेगळा अर्ज करावा. वडिलांचे कर्ज मनाला भिडते, पण त्याने दाखला सापडत नाही. 'कर्मचाऱ्यांनी दाखला गहाळ केला' या वाक्याशी मात्र थोडे थांबायला हवे, कारण ते मुलीला खरे वाटते आहे. तिला नक्की ठाऊक काय आहे? 30 जूनला विभागात कोणीतरी सांगितले की दाखला दिसत नाही, एवढेच. तो हरवला असेल, चुकीच्या महाविद्यालयाच्या गठ्ठ्यात गेला असेल, नोंद व्हायची राहिली असेल, किंवा तिसऱ्या कपाटात नीट ठेवलेला असेल. 'गहाळ केला' हा आरोप आहे. 'तो विभागात आढळत नसल्याचे 30 जून रोजी मला सांगण्यात आले' ही घडलेली गोष्ट आहे. दुसऱ्या वाक्यावर कोणालाही खुलासा द्यावा लागत नाही, आणि ते पहिल्यापेक्षा जास्त खरे आहे.

असे वाचत गेले की सहा-सात वाक्यांखाली दडलेले एक वाक्य हाताला लागते : 'त्यांच्याकडे तुमच्याच शिक्क्याची प्रत आहे.' सगळ्या मेलमध्ये प्रश्न सोडवण्याची ताकद असलेले वाक्य हेच, आणि मुलीने ते 'खोटे कोण बोलते आहे' या प्रश्नाची पायरी म्हणून वापरून टाकले. महाविद्यालय पात्रतेची कागदपत्रे पाठवते तेव्हा सोबत एक पत्र आणि विद्यार्थ्यांची यादी असते. त्या पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर विद्यापीठाचा आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घेऊन ती महाविद्यालयाच्या दप्तरी लावतात. ती प्रत म्हणजे विद्यापीठाने स्वतःच दिलेली पोच आहे. लिपिकाला त्यावरून तो कागद कोणत्या दिवशीच्या नोंदीत आणि कोणत्या गठ्ठ्यात शोधायचा ते कळते. मुख्य म्हणजे 'आमच्याकडे आलेच नाही' हे उत्तर त्यानंतर देता येत नाही.

पण ती प्रत मुलीच्या हातात नव्हती, तिने फक्त ऐकले होते. म्हणून मेल पाठवण्याआधी एक फेरी करावी लागते. 7 जुलैला, सोमवारी, महाविद्यालयात जाऊन त्या पत्राची आणि आपले नाव असलेल्या यादीच्या पानाची छायाप्रत घ्यायची. या फेरीतच कधी कधी भलतेच काही निघते. महाविद्यालयाकडे शिक्क्याची प्रत नसते, किंवा यादीत आपले नावच नसते. तसे असेल तर कागद महाविद्यालयातच अडकला आहे, आणि कुलसचिवांना कितीही चांगला मेल लिहिला तरी ते काही करू शकत नाहीत. मग मागणी प्राचार्यांकडे करायची. ही खात्री करून न घेता विद्यापीठावर तुटून पडलेले किती तरी विद्यार्थी शेवटी महाविद्यालयाच्या कपाटापाशी परत येतात.

आपल्या उदाहरणात प्रत मिळाली. पत्राची तारीख 9 जानेवारी 2024, विद्यापीठाचा शिक्का 10 जानेवारीचा. आता मागणी ठरवायची, आणि खरे कौशल्य इथेच लागते.

रात्रीच्या मेलमध्ये मागण्या पाच होत्या : कारवाई, माफी, नुकसानभरपाई, निकाल आणि 'कधी लागणार' याचे उत्तर. कार्यालयात एका कागदावर अनेक मागण्या आल्या की जी सर्वांत सोपी आहे तिला उत्तर दिले जाते. इथे सर्वांत सोपी मागणी म्हणजे शेवटचा प्रश्न. 'निकाल कधी लागणार?' याला 'लवकरच' हे पुरेसे उत्तर आहे, त्यासाठी खुर्चीतून उठावे लागत नाही. म्हणून जिथे काम हवे तिथे प्रश्न विचारू नये. प्रश्नाला उत्तर मिळते, कामाला काम मिळते.

मग 'माझा निकाल लावावा' एवढेच मागावे का? तेही नेमके नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 नुसार कुलसचिव हे विद्यापीठाचे मुख्य प्रशासकीय अधिकारी आणि अभिलेखांचे रक्षक असतात. परीक्षा आणि निकाल हे मात्र परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांचे काम आहे. निकाल लावा, असे कुलसचिवांना सांगितले तर मेल 'परीक्षा विभागाकडे' असा शेरा घेऊन निघतो. परीक्षा विभाग म्हणतो की पात्रता निश्चित नाही म्हणून निकाल राखीव आहे, आणि कागद पुन्हा कुलसचिवांकडे परततो. यात आठवडा सहज जातो. आपल्याला शेवटी काय हवे आहे आणि समोरचे टेबल त्यासाठी काय करू शकते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलीला निकाल हवा आहे. कुलसचिवांचे कार्यालय त्यासाठी एकच गोष्ट करू शकते : पात्रता निश्चित करून तसे पत्र परीक्षा विभागाला देणे. म्हणून मागायचे ते हे पत्र.

मागणी नेमकी आहे की नाही, हे ओळखण्याची एक साधी कसोटी मी वापरतो. ती मागणी जशीच्या तशी शेऱ्यात उतरवता आली पाहिजे. 'पात्रता निश्चितीचे पत्र 18 जुलैपर्यंत परीक्षा विभागास द्यावे' हे वाक्य कुलसचिव मेलमधून उचलून कोपऱ्यात लिहू शकतात. 'मला न्याय द्यावा' हे लिहू शकत नाहीत.

आता तयार झालेला मेल पाहा.

"प्रति,
मा. कुलसचिव

विषय : पात्रता निश्चितीचे पत्र परीक्षा विभागास देण्याबाबत (एम.एस्सी. रसायनशास्त्र, पीआरएन …)

संदर्भ : महाविद्यालयाचे पत्र जा. क्र. …, दि. 9 जानेवारी 2024. विद्यापीठाचा आवक क्र. …, दि. 10 जानेवारी 2024

महोदय,

माझ्या एम.एस्सी. चौथ्या सत्राचा निकाल पात्रता निश्चित नसल्याने राखीव आहे. मी गोवा विद्यापीठाची पदवीधर असून माझा मूळ स्थलांतर दाखला महाविद्यालयाने संदर्भीय पत्रासोबत पात्रता विभागात जमा केला आहे. तो विभागात आढळत नसल्याचे 30 जून रोजी मला सांगण्यात आले. आवक शिक्का असलेले पत्र, यादीचे पान व दाखल्याची प्रत सोबत जोडली आहे.

विनंती आहे की, या नोंदीच्या आधारे माझी पात्रता निश्चित करून तसे पत्र शुक्रवार, 18 जुलैपर्यंत परीक्षा विभागास द्यावे.

माझ्या नोकरीची कागदपत्र-पडताळणी 28 जुलै रोजी आहे. त्याचे पत्रही जोडले आहे.

आपली विश्वासू,
(पूर्ण नाव, महाविद्यालय, पीआरएन, बैठक क्रमांक, मोबाइल)

सोबत : एक पीडीएफ, पाने 5"

मेल शंभर-सव्वाशे शब्दांत बसला. यात काही विशेष कसरत नाही. माहितीच्या अधिकाराच्या अर्जासाठी महाराष्ट्राने 2012 मध्ये नियम केला तोही असाच आहे : अर्ज एकाच विषयाचा असावा आणि साधारणपणे 150 शब्दांपेक्षा मोठा नसावा. त्या नियमावर बरीच टीका झाली आणि नागरिकाच्या हक्कावर अशी मोजपट्टी लावणे मलाही पटत नाही. पण विद्यापीठाला स्वतःहून लिहिताना तेवढ्यात बसवण्याचा प्रयत्न जरूर करावा.

या मेलमधल्या काही जागा मुद्दाम तशा आहेत. आपल्या कार्यालयीन पत्रातली 'संदर्भ' ही ओळ बहुतेक तरुण मुले मेल लिहिताना गाळतात, कारण ती जुनाट वाटते. पण मागचा सगळा इतिहास मावतो तो याच ओळीत. 'कॉलेजने जानेवारीत पाठवले होते, तरी तुम्ही म्हणता…' या सगळ्या परिच्छेदाची जागा एक जावक क्रमांक आणि एक आवक क्रमांक घेतो. वाचणाऱ्याला तो नाकारताही येत नाही.

तारखेचेही तसेच आहे. 'तातडीने' आणि 'ताबडतोब' हे शब्द प्रत्येक कागदावर असतात, म्हणून ते कोणी वाचत नाही. तारीख वाचली जाते. पण ती पाळण्याजोगी हवी आणि तिच्यामागचे कारण कागदानिशी दिसायला हवे. 7 जुलैला पाठवलेल्या मेलमध्ये 18 जुलै मागितली, म्हणजे नऊ कामाचे दिवस दिले. 28 ही खरी गरज आहे, पण परीक्षा विभागालाही आपले काम करायला आठवडा लागणार, म्हणून कुलसचिवांकडे मागायची तारीख त्याआधीची. 24 तासांची मुदत देणाऱ्याची मुदत पहिल्याच दिवशी टळते आणि मग त्याच्या पुढच्या तारखेलाही किंमत राहत नाही.

जोडकागदांची एकच पीडीएफ करावी आणि पाने मागणीच्या क्रमाने लावावीत : निकालाचे पान, आवक शिक्क्याचे पत्र, यादीतले आपले नाव खूण केलेले पान, दाखला, नोकरीचे पत्र. मोबाइलवरून काढलेले सात फोटो वेगवेगळे पाठवले तर त्यातला शिक्क्याचा फोटो उघडलाच जाईल याची खात्री नसते, आणि तोच वाकडा किंवा अस्पष्ट आला असेल तर सगळे मुसळ केरात.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. राग काढून टाकल्यावर पुष्कळ जण दुसऱ्या टोकाला जातात. 'मी एक गरीब विद्यार्थिनी असून आपण मायबाप आहात, कृपा करून माझ्या भवितव्याचा विचार व्हावा', असे लिहितात. हेही काढून टाकावे. परीक्षा दिल्यावर निकाल मिळणे ही कोणाची कृपा नाही. 2016 च्या अधिनियमाने परीक्षा संपल्यापासून तीस दिवसांत, आणि फार तर पंचेचाळीस दिवसांत निकाल लावण्याचे बंधन विद्यापीठांवर घातले आहे. 'विनंती' हा शब्द पुरेसा आहे. लाचारीने लिहिलेल्या पत्रावर दया येऊ शकते, पण दयेला मुदत नसते.

मग मुलीच्या बाकीच्या तक्रारींचे काय? पाच तास बसवून ठेवले, ते विसरायचे का? मुळीच नाही. त्या वेगळ्या कागदावर लिहायच्या आणि निकाल हातात आल्यावर द्यायच्या. तेव्हा खुलासा मागितला गेला तरी आपले काम अडून राहत नाही. याला एक अपवाद आहे आणि तो मी ठामपणे सांगतो. कोणी दाखला शोधून देण्यासाठी पैसे मागितले असतील, तर ती गोष्ट कुलसचिवांना लिहायच्या शांत मेलमध्ये मऊ करून घालायची नाही आणि निकाल लागेपर्यंत थांबूनही राहायचे नाही. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा टोल-फ्री क्रमांक त्यासाठीच आहे.

मेल पाठवला की काम अर्धे झाले, अर्धे उरले. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी त्याची छापील प्रत विद्यापीठाच्या आवक-जावक खिडकीवर द्यावी आणि आपल्या प्रतीवर शिक्का घ्यावा. मेल पाहिला नाही, असे म्हणता येते. शिक्का मारला नाही, असे म्हणता येत नाही. आवक क्रमांक हाती असला की पुढची विचारणा सोपी होते. 14 जुलैपर्यंत काही कळले नाही, तर त्याच मेलला उत्तर म्हणून एक ओळ लिहायची : 'दि. 7 जुलैच्या खालील विनंतीचा आवक क्र. अमुक आहे. सध्या कागद कोणत्या विभागात आहे, ते कळवावे, ही विनंती.' नवा मेल सुरू करायचा नाही, नवा मुद्दा घालायचा नाही आणि प्रतिलिपीत कोणालाही ओढायचे नाही. इथे प्रश्न चालतो, कारण आता आपल्याला काम नको आहे, ठिकाण हवे आहे. ठिकाण कळले की त्या टेबलापाशी जाऊन उभे राहता येते.

18 तारीखही गेली, तर पुढच्या पायऱ्या आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या विनियमांनुसार प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते आणि तिने आपला अहवाल पंधरा कामाच्या दिवसांत द्यायचा असतो. त्यावरही समाधान झाले नाही तर पंधरा दिवसांच्या आत लोकपालांकडे अपील करता येते. याशिवाय माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून एकच गोष्ट मागता येते : माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजपर्यंत कोणत्या तारखेला, कोणत्या टेबलावर काय कार्यवाही झाली, त्याच्या टिप्पणीची प्रत. त्याला तीस दिवसांची मुदत असते. या मार्गांनी 28 जुलै गाठता येणार नाही, हे उघड आहे. म्हणून 18 तारीख टळताच नोकरी देणाऱ्यांनाही लिहावे आणि निकाल केवळ पात्रतेच्या नोंदीसाठी राखीव असल्याचे प्राचार्यांचे पत्र जोडून मुदत मागावी. पण यातल्या प्रत्येक ठिकाणी तो छोटा मेल आणि त्यावरचा शिक्का यांचाच आधार असतो. समितीपुढे चार पडद्यांचा मेल ठेवला तर समितीलाही आधी त्यातली मागणी शोधावी लागते.

दाखला खरोखरच हरवला असेल तर? तेही होते. तेव्हा आवक शिक्क्याच्या पत्रामुळे निदान एवढे ठरते की तो मुलीकडून हरवलेला नाही. दुसरी प्रत मागवण्यासाठी तिला आपल्या मूळ विद्यापीठाकडे अर्ज करावा लागेल, त्यात दिवस जातील, आणि तोवर दाखल्याच्या छायाप्रतीवर व हमीपत्रावर पात्रता द्यायची की नाही, हे ठरवणे कुलसचिवांच्या हाती असेल. शांत मेल हरवलेला कागद परत आणू शकत नाही. तो फक्त हा निर्णय ज्याने घ्यायचा त्याच्या समोर, त्याच्या शब्दांत, वेळेत नेऊन ठेवतो.

आणि पत्र निघाले, पात्रता विभागाने परीक्षा विभागाला कळवले, की कुलसचिवांचे काम संपते. मुलीचे संपत नाही. त्या पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख विचारून घ्यायची आणि त्याच दिवशी दुसरा मेल लिहायचा, या वेळी संचालक, परीक्षा व मूल्यमापन मंडळ यांना. विषय नवा : राखीव निकाल जाहीर करण्याबाबत. संदर्भात पात्रता विभागाचे ते पत्र. आणि खाली एकच विनंती : माझ्या नावापुढचा राखीव शेरा काढून चौथ्या सत्राची गुणपत्रिका 25 जुलैपर्यंत महाविद्यालयाकडे द्यावी.